एक डोस झालाय, मग दुसरा कशाला? गोवर-रुबेला मोहिमेबद्दल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं गावकऱ्यांना पत्र

डिसेंबर २०२२

गावातल्या सर्व आई-वडिलांना, आणि लेक-सून ऊसतोडीला गेल्यामुळे सध्या नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांना सप्रेम नमस्कार.

१५ ते २५ डिसेंबर आणि पुन्हा १५ ते २५ जानेवारी अशा दोन फेऱ्यांत आपल्या राज्यात गोवर-रुबेलाच्या लसीची विशेष मोहीम आहे. नऊ महिने ते पाच वर्षं वयाच्या ज्या मुलांचा पहिला किंवा दुसरा डोस राहून गेला आहे, त्यांच्यासाठी ती आहे. आशाताई घरोघरी फिरून अशा मुलांची यादी करत आहेत. यादी करताना लोकांनी त्यांना जे प्रश्न विचारले, ते माझ्यापर्यंत आले. प्रश्न रास्त आहेत. दवंडी देऊन किंवा भिंतीवर चार ओळी रंगवून त्यांची उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबलं तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शाळेतल्या मुलांनी वाचून दाखवावं.

सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न असा: "आपल्या गावात गोवर नाही, मुंबईत आहे. मग आमच्या पोराला सुई कशाला?"

मुंबईत गोवंडी भागात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात एकाच कुटुंबातली तीन लहान मुलं गोवराने दगावली. त्यानंतर भिवंडी आणि मालेगावातही साथ पसरली. आपल्या जिल्ह्यातली माणसं या सगळ्या गावांत कामाला आहेत. लग्नकार्याला ती गावी येतात आणि पोरांना बरोबर आणतात. गोवराला एवढा प्रवास पुरतो, कारण हा आजार स्पर्शाची वाट पाहत नाही. आजारी मूल खोकलं किंवा शिंकलं की विषाणू हवेत मिसळतो, आणि मूल तिथून निघून गेल्यावरही त्या बंद खोलीत दोन तासांपर्यंत टिकून राहतो. लस न घेतलेली आणि आधी गोवर न झालेली दहा मुलं अशा मुलाच्या सहवासात आली, तर त्यांतल्या नऊ जणांना गोवर होतो. माणसाच्या आजारांत इतक्या वेगाने पसरणारे आजार फार थोडे आहेत.

काहीजण म्हणतात, "गावात पुरळ आलेलं पोर दिसलं, की लगेच आणतो डोसाला." हे ऐकलं की मला सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून गोवराचे दिवस नीट मोजून सांगतो. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण दहा दिवस काहीच दिसत नाही. मग ताप येतो, नाक वाहतं, खोकला सुरू होतो, डोळे लाल होऊन पाणी गळतं. घरच्यांना वाटतं, सर्दी-पडसं आहे, होईल बरं. गालाच्या आतल्या बाजूला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात, पण तोंड उघडून ते कोण बघतो? ताप आल्यापासून तीन-चार दिवसांनी कानामागे आणि चेहऱ्यावर लाल पुरळ उठतं आणि हळूहळू खाली अंगभर उतरतं. तेव्हा घरच्यांना कळतं की हा गोवर आहे. पण ते मूल पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून इतरांना आजार देत होतं. त्या चार दिवसांत ते अंगणवाडीत बसून खिचडी खात होतं, शेजारच्या घरात खेळत होतं. म्हणजे पुरळ ओळखून आपण सावध होईपर्यंत गोवर पुढच्या घरांत पोचलेला असतो. लस टोचल्यावर शरीराला संरक्षण तयार करायला दिवस लागतात. म्हणून लस गोवराच्या आधी घ्यायची असते.

आता दुसरा प्रश्न. हा विशेषतः कार्ड जपून ठेवणाऱ्या घरांतून आला. "आमच्या पोराचा नवव्या महिन्याचा डोस झालाय. पुन्हा कशाला?"

याचं उत्तर बाळाच्या जन्मापासून सुरू होतं. आईला गोवर होऊन गेला असेल किंवा तिने लस घेतली असेल, तर तिच्या रक्तातलं संरक्षण पोटातल्या बाळाला मिळतं. ते पहिले काही महिने पुरतं आणि मग ओसरतं. मात्र जोवर ते शिल्लक आहे, तोवर ते लसीलाही अडवतं, कारण लसीत अशक्त केलेला का होईना, पण गोवराचाच जिवंत विषाणू असतो. फार लवकर टोचली तर लस वाया जाते आणि फार उशिरा टोचली तर मधल्या काळात बाळ उघडं पडतं. या दोन्हींचा मेळ घालून आपल्या देशात नववा महिना ठरवलेला आहे. तरीसुद्धा नवव्या महिन्यात लस घेतलेल्या शंभर मुलांपैकी साधारण पंचाऐंशी मुलांच्याच शरीरात ती लागू पडते. उरलेल्या पंधरा जणांना सुई टोचलेली असते, कार्डावर नोंद असते, आई निर्धास्त असते, आणि मूल मात्र गोवरासाठी तेवढंच उघडं असतं.

कापूस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सरकी टोबल्यावर प्रत्येक ठिकाणी रोप उगवत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी आपण तासात फिरून नांग्या भरतो. दुसरा डोस म्हणजे नांग्या भरणं आहे. फरक एवढाच की शेतात कुठलं बी उगवलं नाही ते डोळ्यांना दिसतं, आणि मुलांच्या बाबतीत कोणाला लस लागू पडली नाही ते वरून दिसत नाही. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सगळ्याच मुलांना दुसरा डोस द्यायचा असतो. दोन्ही डोस झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे सत्त्याण्णव सुरक्षित होतात.

याचा गावावर काय परिणाम होतो, तो हिशोब करून बघू. समजा, एका गावात वर्षाला चाळीस मुलं जन्मतात. त्यांतल्या बत्तीस मुलांचा पहिला डोस झाला. म्हणजे शंभरात ऐंशी. ऐकायला बरं वाटतं. पण बत्तीस जणांपैकी लस लागू पडली साधारण सत्तावीस जणांना. डोस न झालेली आठ आणि डोस होऊनही उघडी राहिलेली पाच, अशी तेरा मुलं त्या वर्षी असुरक्षित राहिली. पुढच्या वर्षी आणखी तेरा, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी तेरा. चार वर्षांत त्या गावात गोवर होऊ शकेल अशी बावन्न मुलं जमा झाली, तीही एकाच अंगणवाडीत, एकाच वाडीत, एकमेकांच्या अंगाखांद्यावर खेळणारी. वर्षानुवर्षं गोवर आला नाही म्हणून गाव निश्चिंत असतं, पण त्याच शांत वर्षांत हा आकडा वाढत असतो. मग एखादं आजारी मूल पाहुणं म्हणून येतं आणि पंधरा दिवसांत घराघरांत पुरळ दिसू लागतं.

त्याच गावात चाळीसपैकी अडतीस मुलांचे दोन्ही डोस झाले असते, तर वर्षाला तीनच मुलं उघडी राहिली असती. चार वर्षांत बारा, तीही विखुरलेली. विषाणू गावात आला तरी त्याला एका मुलाकडून दुसऱ्याकडे जायला वाट मिळाली नसती. गोवरासाठी शंभरात पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हायला हवेत, असं आम्ही आग्रहाने म्हणतो ते यामुळे. यात नऊ महिन्यांच्या आतल्या तान्ह्या बाळांचाही जीव गुंतलेला आहे. त्यांना नियमाप्रमाणे अजून लस देता येत नाही. गोवर त्यांच्यापर्यंत पोचू न देणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते त्यांच्या मोठ्या भावंडांच्या आणि शेजारच्या मुलांच्या डोसावर अवलंबून आहे.

मोहीम पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी का, तेही सांगतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या मोहिमेत नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाडीत ही लस दिली होती. तुमच्या मोठ्या मुलांना ती आठवत असेल. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या वाट्याला २०२० आणि २०२१ ही कोरोनाची वर्षं आली. तेव्हा घराबाहेर पडायचीच भीती होती आणि अनेकांचे डोस राहिले. दोन फेऱ्यांत महिन्याचं अंतर ठेवलं आहे तेही मुद्दाम. या लसीच्या दोन डोसांमध्ये किमान चार आठवडे जावे लागतात. ज्याचा एकही डोस झाला नाही अशा दोन वर्षांपुढच्या मुलाला एक डोस डिसेंबरमध्ये आणि दुसरा जानेवारीत देऊन त्याचं काम पूर्ण करता येईल.

कार्ड हरवलं असेल, तर येताना लाजू नका. कोपीत पाऊस शिरून किंवा ट्रॅक्टरवर सामान लादताना कार्डं हरवतात, हे आम्हाला माहीत आहे. डोस झाला की नाही हे खात्रीने आठवत नसेल, तर तो झाला नाही असं धरून आम्ही लस देतो. आधी झालेला असला तरी नुकसान नाही. शरीरात आधीपासून असलेलं संरक्षण त्या अशक्त विषाणूला तिथंच संपवतं.

आता जो विषय मी अदबीने मांडतो आहे, तो घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. आपल्याकडे गोवर आला की दाराला कडुनिंबाचा पाला बांधतात, देवीचं करतात, बाळाला दवाखान्यात नेत नाहीत, सुई टोचू देत नाहीत, कारण "गोवर आत गेला तर पोर जाईल" अशी भीती असते. पाला बांधण्याला आणि देवीला हात जोडण्याला माझी काहीच हरकत नाही. आजारी मुलाच्या घरी इतरांनी जाऊ नये ही त्यातली रीत तर चांगलीच आहे. पण मूल कशामुळे दगावतं ते जवळून बघा. गोवराने जाणारी बहुतेक मुलं न्यूमोनियाने जातात, म्हणजे छाती भरून. काही जुलाबाने कोरडी पडून जातात. हजारात एखाद्याच्या मेंदूला सूज येते. काहींचे डोळे कायमचे जातात. पुरळ बाहेर आल्याने किंवा आत गेल्याने यांतलं काही घडत नाही. छातीचा आणि जुलाबाचा उपचार वेळेवर न मिळाल्यामुळे ते घडतं.

गोवरात अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी तोंडातून दिले, तर डोळे वाचतात आणि मृत्यूचा धोका कमी होतो. हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. त्यात सुई नाही. ताप आणि अंगावर पुरळ असलेलं मूल दिसलं, की त्याच दिवशी आशाताईंना कळवा. पुरळ उठल्यापासून चार दिवस त्याला इतर मुलांत पाठवू नका, पण खाणंपिणं तोडू नका. अंगावरचं दूध, पेज, वरण-भात, जे खाईल ते थोडं थोडं देत राहा. श्वास जोरात चालला असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल, झटका आला असेल, गुंगीत असेल किंवा डोळ्याच्या बुबुळावर पांढुरकं दिसत असेल, तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका.

"गोवर एकदा येऊन गेला की पोर मजबूत होतं" असंही म्हटलं जातं. यातलं अर्धंच खरं आहे. गोवर पुन्हा होत नाही हे बरोबर. पण गोवराचा विषाणू नेमका शरीराच्या त्या पेशींवर हल्ला करतो, ज्यांनी आधीच्या आजारांची ओळख साठवून ठेवलेली असते. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. इतर आजारांविरुद्ध त्या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे रक्तातल्या संरक्षक घटकांपैकी, ११ ते ७३ टक्के नष्ट झालेले आढळले. "गोवर गेला, पण त्यानंतर पोर सारखं आजारी पडतंय, अंग धरत नाही" असं आपल्या आया सांगतात, त्यामागे हे एक कारण असू शकतं. लसीने असं होत नाही. गोवरापासूनचं संरक्षण मिळतं आणि आधीचं सगळं शाबूत राहतं.

लसीच्या त्रासाबद्दल सरळ सांगतो. शंभरात पाच ते पंधरा मुलांना ताप येतो, पण तो त्या रात्री येत नाही. सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. काहींना बारीक पुरळही येतं. लस शरीरात काम करते आहे, असा त्याचा अर्थ आहे. तापाचं औषध किती द्यायचं ते नर्सताई मुलाच्या वजनाप्रमाणे सांगतील. साधी सर्दी, थोडा खोकला, हलके जुलाब असतील तरी लस देता येते. मूल कुपोषित असेल तर त्याला आधी आणा, कारण गोवर अशाच मुलांना जास्त मारतो. आधीच्या डोसानंतर अंगावर जोराची ॲलर्जी उठली असेल, मूल दवाखान्यात भरती असेल, खूप ताप असेल किंवा कॅन्सरसारख्या आजाराचे उपचार चालू असतील, तर टोचण्याआधी नर्सताईंना नक्की सांगा. अशा वेळी डॉक्टर ठरवतील.

या लसीने पुढे मूल होत नाही, अशी अफवा २०१८ मध्ये फिरली होती आणि आता पुन्हा फिरते आहे. गोवराची लस १९८५ पासून आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. तेव्हा ती टोचून घेतलेल्या मुली आज आई झाल्या आहेत, काहीजणी आजी होण्याच्या वयाच्या आहेत. आणि रुबेलाची लस तर पुढच्या पिढीच्या बाळांसाठीच आहे. गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळ मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाला छिद्र घेऊन जन्मू शकतं. लहानपणी टोचलेली सुई ते टाळते.

एक धोका मात्र खरा आहे आणि तो मी लपवणार नाही. ही लस पावडरच्या रूपात येते आणि तिच्यासोबत आलेल्या पाण्यातच ती मिसळायची असते. एका बाटलीत पाच किंवा दहा मुलांचे डोस असतात. मिसळल्यावर ती थंड ठेवावी लागते आणि चार तासांच्या आत वापरावी लागते. त्यानंतर ती उरली तरी फेकायची असते, कारण जंतू वाढू नयेत म्हणून लागणारं औषध या लसीत घातलेलं नसतं. शिळी बाटली वापरल्याने बाळाच्या जिवाला धोका होऊ शकतो. म्हणून तुम्ही बघा आणि विचारा. बाटली आईस पॅकवर ठेवली आहे का? ती कधी फोडली ती वेळ तिच्यावर लिहिली आहे का? सिरिंजचं पाकीट तुमच्यासमोर फाडलं का? ही सिरिंज एकदा वापरली की आपोआप बंद होते, पुन्हा ओढता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून कोणी रागावणार नाही. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तशा सूचना मी सर्व केंद्रांना दिल्या आहेत. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. फार क्वचित एखाद्याला ॲलर्जी झाली तर ती बहुधा याच वेळात कळते आणि तिचं औषध नर्सताईंच्या पेटीत असतं.

शेवटी ऊसतोडीला गेलेल्या घरांबद्दल. डिसेंबरमध्ये आपल्या जिल्ह्यातली निम्मी घरं कुलूपबंद असतात, आणि आमच्या यादीतली सर्वांत जास्त राहिलेली मुलं याच घरांतली आहेत. जी मुलं आजी-आजोबांजवळ आहेत, त्यांना तुम्ही घेऊन या. त्यासाठी आई-वडिलांनीच हजर असायला हवं असं नाही. फोनवर त्यांच्याशी बोलून घ्या म्हणजे झालं. जी मुलं टोळीबरोबर कारखान्यावर आहेत, त्यांना तिथल्या आरोग्य केंद्रात हीच लस मोफत मिळेल. गाव कुठलं, आधार कुठलं, हे त्यात आड येत नाही. तुमची टोळी कोणत्या कारखान्यावर आहे, कोणत्या गावाजवळ कोप्या टाकल्या आहेत आणि मुकादमाचा नंबर काय, एवढं आशाताईंना सांगा. आम्ही तिथल्या आरोग्य केंद्राला मुलांची नावं कळवू. वीटभट्टीवर गेलेल्यांसाठीही हीच व्यवस्था आहे.

तुमच्या गावात लसीकरण कोणत्या दिवशी आणि कुठे आहे, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि अंगणवाडीत लिहिलेलं आहे. वस्ती आणि तांडे लांब असतील तिथे नर्सताई स्वतः येतील. एकच मूल आलं तरी बाटली फोडून त्याला लस द्यायची आहे, "उद्या या" म्हणून परत पाठवायचं नाही. तरीही कोणी परत पाठवलं, तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा आणि तिथेही दाद लागली नाही तर मला कळवा. येताना कार्ड असेल तर कार्ड आणा, नसेल तर फक्त मुलाला आणा.

आपला,
जिल्हा आरोग्य अधिकारी
जिल्हा परिषद